टेरेसवर कोब्याऐवजी लेका किंवा परलाईट: वजन, उष्णता आणि पाणी, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये दुपारपेक्षा संध्याकाळ जास्त त्रास देते. ऊन उतरतं, बाहेर वारा सुटतो, पण आत पंख्याखाली बसलं की वरून शेक येत राहतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब आता ती उष्णता खाली सोडत असतो. अशा वेळी कोणीतरी सांगतं की ब्रिकबॅट कोबा काढून हलका भराव टाक, मग आपण शोधायला लागतो आणि लेका, परलाईट, फोम काँक्रीट अशी नावं समोर येतात आणि प्रत्येक विकणारा आपलंच बेस्ट म्हणतो. म्हणून हे नीट लिहितोय, साधारण ६ मीटर बाय ९ मीटरच्या, म्हणजे २० बाय ३० फुटांच्या टेरेसचा हिशोब धरून, नागपूर-जळगावकडच्या उन्हात असतं तसं दोन मजली घर डोक्यात ठेवून. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाचा भाग दुप्पट लक्ष देऊन वाचा.

आधी कोबा म्हणजे काय ते समजून घ्या. आपल्याकडे स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंट-वाळूत बसवून जो कोबा करतात तो मुळात उतार देण्यासाठी आणि पाणी अडवण्यासाठी आहे, उष्णता थोडी अडते तो बोनस. वीट तापते, धरून ठेवते आणि उशिरा सोडते. लेका आणि परलाईटचं काम उलटं आहे, ते उतार देतात आणि उष्णता अडवतात पण पाणी अजिबात अडवत नाहीत. हा फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे, कारण हलका भराव फसल्याच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात, मिस्त्री कोब्याच्या सवयीने भराव टाकतो आणि वॉटरप्रूफिंगचा वेगळा थर कोणीच करत नाही.

कुठला माल कसा असतो

लेका म्हणजे एक्स्पांडेड क्ले अ‍ॅग्रिगेट, काही जण क्ले बॉल्स म्हणतात, कुंड्यांत टाकतात तेच. माती फिरत्या भट्टीत साधारण ११०० ते १२०० अंशांवर भाजतात, आत गॅस तयार होऊन ती फुगते आणि गोळ्या बनतात. चांगली गोळी फोडून बघा, बाहेर तपकिरी-लालसर कडक कवच आणि आत काळपट-करडी जाळी दिसली पाहिजे. आतून सगळी विटेसारखी भरीव आणि लाल दिसली तर ती नीट फुगलेली नाही, ती जड भरेल. भरावासाठी ८ ते २० मिमीच्या मधला माल घ्या, बारीक चुरा घेऊ नका, तो जड असतो आणि सिमेंट जास्त खातो.

परलाईट हा ज्वालामुखीतून आलेल्या काचेसारख्या दगडाचा चुरा, तो तापवला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तो लाह्यांसारखा फुलतो. पांढरा, अगदी हलका, सुटा माल घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा कमीच. उष्णता अडवण्यात तो लेकाच्या पुढे आहे. पण दाणे नाजूक असतात, बोटांनी चुरडतात, आणि पाणी भरपूर पितात. सुटा परलाईट टेरेसवर टाकून वर फरशी लावायची नसते, तो सिमेंटमध्ये मिसळून परलाईट काँक्रीट करूनच वापरायचा.

फोम काँक्रीट म्हणजे सिमेंटच्या घोळात मशीनने बनवलेला फेस मिसळतात आणि पाईपने ओततात. ते माल म्हणून दुकानात मिळत नाही, एजन्सी मशीन घेऊन येते, म्हणून छोट्या टेरेसला कोणी यायला तयार होत नाही किंवा आलं तर भाव परवडत नाही.

आता उष्णतेचा आकडा. कंडक्टिव्हिटीचा आकडा जितका लहान तितका माल उष्णता कमी जाऊ देतो. ब्रिकबॅट कोबा ०.७ च्या आसपास, सिमेंटने बांधलेला लेका ०.१५ च्या आसपास, घनमीटरला ६०० किलो भरणारं फोम काँक्रीटही साधारण तेवढंच, आणि चांगलं परलाईट काँक्रीट ०.१ च्या जवळ. म्हणजे ९० मिमी लेकाला जेवढं जमतं तेवढं करायला कोबा सव्वा फुटाहून जाड लागेल. हे सगळे आकडे कोरड्या मालाचे आहेत बरं का. भिजला की लेका असो वा परलाईट, हवेच्या जागी पाणी बसतं आणि फायदा झपाट्याने कमी होतो.

पण जाहिरातीत सांगतात तसं घर पाचपट थंड होत नाही. स्लॅबचा स्वतःचा अडथळा, आतल्या-बाहेरच्या हवेचा अडथळा हे दोन्हीकडे सारखंच असतं, ते धरलं तर कोब्याच्या जागी ९० मिमी लेका आल्यावर छतातून येणारी उष्णता निम्म्याहून थोडी कमी होते. माझ्या मते तेवढं खूप आहे, पण भिंती आणि खिडक्यांतून येणारी उष्णता तशीच राहणार हे धरून चला. आणि कोबा धड आहे, गळत नाही, फक्त उन्हाचा त्रास आहे, तर आधी वर पांढरं कोटिंग किंवा पांढरा चायना मोझॅक करून एक उन्हाळा बघा, खर्च खूप कमी आहे. भराव बदलायचा तो नवीन बांधकाम असेल तेव्हा किंवा जुना कोबा तसाही काढावा लागणार असेल तेव्हा.

पायरी १: वजनाचा हिशोब

आपल्या टेरेसचं क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर. पाणी ६ मीटरच्या दिशेने एका कडेला न्यायचं, उतार १०० ला १ धरला तर लांबच्या कडेला ६० मिमी जास्त उंची लागते. लेकाचा थर कमीत कमी ५० मिमी तरी पाहिजे नाहीतर गोळ्या धड बसत नाहीत, म्हणून पाईपाजवळ ६० मिमी धरू आणि लांबच्या कडेला १२०, सरासरी ९० मिमी. ५४ गुणिले ०.०९ म्हणजे साधारण ४.९ घनमीटर भराव.

कोबा घनमीटरला १८०० किलो धरला तर पावणेनऊ टन, त्यावर २५ मिमीचं फिनिश तीन टन, एकूण बाराच्या जवळ. सिमेंटने बांधलेला लेका ६०० किलोने तीन टन. फोम काँक्रीट तेवढंच, परलाईट काँक्रीट ४५० ने धरलं तर सव्वादोन टन. मात्र या तिन्हींवर जाड आणि जाळी टाकलेला स्क्रीड, म्हणजे भराव झाकणारा काँक्रीटचा थर, लागतो, ४० मिमी धरा, तो एकटाच पाच टन होतो. म्हणजे लेकाची खरी बेरीज आठ टन, कोब्यापेक्षा चार टन कमी, चौरस मीटरला ७० किलोच्या वर वाचले. चांगलंच आहे, पण "तीन टन विरुद्ध बारा टन" असं कोणी सांगत असेल तर त्याने स्क्रीड लपवलाय हे लक्षात घ्या. लेका, परलाईट आणि फोममधला वजनाचा फरक तर स्क्रीडपुढे किरकोळच आहे, त्यावरून माल निवडू नका.

जुन्या कोब्यावरच लेका टाकायचा विचार करत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका, तिथे वजन वाचत नाही, आठ टन वाढतं. फ्लॅट असेल तर टेरेस सोसायटीची आहे, लेखी परवानगी घ्या. कोबा फोडायला मोठा ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडा किंवा छोटं चिपिंग मशीन, आणि फोडलेल्या कोब्याचे तुकडे एका जागी ढीग करून ठेवू नका, रोज खाली उतरवा. जुन्या स्लॅबवर दोन बीममधल्या एकाच भागाच्या मधोमध ढीग झाला तर तिथे गरज नसताना ताण येतो.

पायरी २: स्लॅबवरचं वॉटरप्रूफिंग

काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करा, मे मध्ये सुरू केलेलं काम पहिल्या वळवाने भिजतं आणि भिजलेला भराव झाकला गेला की वाळायला वर्ष पण पुरत नाही.

स्लॅब तारेच्या ब्रशने साफ करा, भेगा उघडून भरा, उघडे पडलेले गज साफ करून दुरुस्त करा. पॅरापेट आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूच्या गोलसर वाटा मारून घ्या, काटकोन ठेवला तर कोटिंग तिथेच फाटतं. मग वॉटरप्रूफिंगचा थर, तो पॅरापेटवर फिनिश लेव्हलच्या ३०० मिमी वरपर्यंत चढला पाहिजे. इथे सगळे फसतात, कारण आज स्लॅबवरून ३०० मोजतात आणि नंतर १२० चा भराव आणि ४० चा स्क्रीड आला की वर १४० मिमीच उरतं. म्हणून आधी फिनिश लेव्हलची रेघ पॅरापेटवर मारा आणि तिथून मोजा.

पाण्याच्या पाईपाचं तोंड स्लॅबच्या लेव्हलला बसवा आणि भरावाच्या उंचीत त्याला बारीक भोकं ठेवून भोवती जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं कापड, गुंडाळा, वर फिनिश लेव्हलला नेहमीची जाळी. म्हणजे वरचं पाणी वरून जाईल आणि चुकून भरावात गेलेलं पाणी स्लॅबवरून सरकत भोकांतून बाहेर पडेल. पाईपाचं तोंड नुसतं वरच्या लेव्हलला असेल तर खाली गेलेलं पाणी भरावात कायमचं अडकतं.

मग पाईप बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालून छत बघा, पंख्याचे हुक, लाईटचे पाईप जिथे बाहेर येतात ते आधी. ही टेस्ट झाल्याशिवाय लेकाची एक पण गोणी वर चढवू नका. सोलरचा स्टँड, टाकी, डिशचे पाय जे काही येणार असेल त्यांचे काँक्रीटचे ओटे आत्ताच स्लॅबवरून वर आणा आणि त्यांच्या बाजूनेही कोटिंग चढवा. भरावावर टाकी ठेवायची नसते, आणि नंतर भोकं पाडली तर हे सगळं वॉटरप्रूफिंग वाया.

पायरी ३: माल मोजून घेणं

दाबल्यावर भराव थोडा बसतो म्हणून १० टक्के जास्त, म्हणजे ५.४ घनमीटर, ५० लिटरच्या साधारण १०८ गोण्या. लेका घनफळावर घ्या, वजनावर नाही. वजनावर घेतला तर ओला आणि जड माल तुम्हाला महागात पडतो. सोपी परीक्षा अशी, १० लिटरची बादली सपाट भरा आणि वजनकाट्यावर ठेवा, बादली सोडून साडेतीन ते चार किलो आलं तर ठीक, सहा आलं तर माल ओला आहे किंवा कमी फुगलेला. गाडीभाडं आधीच विचारा, माल हलका पण जागा खाणारा, भाडं कधीकधी मालाइतकंच जड वाटतं.

सिमेंट घनमीटरला १५० किलो धरा, एकूण १५ गोण्या. म्हणजे सिमेंटच्या एका गोणीला लेकाच्या सात गोण्या.

पायरी ४: मिसळणं आणि पसरणं

लेका आधी पाण्याने भिजवून निथळू द्या. कोरडा टाकला तर तो घोळातलं पाणी ओढून घेतो, सिमेंट पावडरसारखं वर बसतं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या हाताने सुटतात. मिक्सरमध्ये भिजलेला लेका, थोडं पाणी, मग सिमेंट, गोणीला २२-२५ लिटरच्या आत पाणी ठेवा आणि दोन-तीन मिनिटं फिरवा. वाळू टाकायची नाही, मिस्त्री हमखास विचारेल, सवय असते, पण वाळूने पोकळ जागा भरतात आणि वजन वाढतं. तयार झालेल्या घमेल्यात हात घालून एक मूठ उचला, प्रत्येक गोळी करड्या घोळाने चमकत असली पाहिजे, गोळ्या एकमेकींना चिकटल्या पाहिजेत पण मधली फट दिसली पाहिजे, आणि बोटांतून घोळ ठिबकता कामा नये. ठिबकत असेल तर पाणी जास्त झालंय, ते सिमेंट खाली स्लॅबवर जाऊन बसणार आणि वरच्या गोळ्या मोकळ्या राहणार.

पसरायच्या आधी पाणलेव्हलच्या नळीने पॅरापेटवर आणि मध्ये दीड-दोन मीटरवर लेव्हलच्या खुणा करून घ्या. पट्टीने ओढा, लाकडी धुमसाने हलकं दाबा, बस. व्हायब्रेटर लावायचा नाही, लेका वर तरंगतो आणि घोळ खाली जातो. वॉटरप्रूफिंगवर मजूर घमेली आपटतात, फावडं ओढतात, म्हणून कोटिंगवर आधी जिओटेक्स्टाईल अंथरा आणि जायला-यायला प्लाय टाका.

परलाईट वापरणार असाल तर इथे पद्धत बदलते. १ भाग सिमेंट, ६ ते ८ भाग परलाईट, सगळं मापाने. आधी पाणी आणि सिमेंटचा घोळ, मग परलाईट, आणि एकसारखं झालं की लगेच थांबायचं. जास्त फिरवलं की दाणे चुरडून पीठ होतं, घनफळ कमी भरतं, आणि तुम्ही म्हणाल माल कमी दिला. ओतताना धूळ उडते म्हणून मास्क लावा. पाणी इतकं लागतं की थर वाळायला आठवडे जातात, विदर्भातल्या फेब्रुवारी-मार्चच्या हवेत ते जमतं, पण कोकणात दमट हवेत मी परलाईट सुचवणार नाही, तिथे लेकाच.

फोम काँक्रीटवाला आला तर ओतताना तीच १० लिटरची बादली भरून मोजा, ७०० किलोचं ओलं मिश्रण ठरलं असेल तर ७ किलो भरलं पाहिजे. नऊ आलं तर फेस विरलाय, तुम्हाला साधं जड मॉर्टर मिळतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी कडेच्या रेघेपासून थर खाली बसलेला दिसला तरी तेच कारण. शिवाय ते पातळ असतं, स्वतःहून सपाट होतं, त्यामुळे उतार द्यायला घट्ट मिश्रण किंवा टप्पे करावे लागतात, हे आधीच बोलून घ्या.

पायरी ५: स्क्रीड आणि वाळवणं

लेका दोन दिवस कडक होऊ द्या, मग त्यावर घट्ट मॉर्टरचा पातळ हात मारा म्हणजे स्क्रीड फटींत गळून जाणार नाही. स्क्रीड घालायच्या आधी भराव वाळलाय का ते बघायचं, मीटरभर प्लास्टिक शीट चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दुसऱ्या दिवशी दुपारी खाली थेंब जमलेत का बघा. थेंब दिसले तर थांबा, कितीही घाई असली तरी. लेका उन्हात लवकर वाळतो कारण फटींतून हवा खेळते, परलाईट आणि फोमला वेळ लागतो.

स्क्रीड ४० मिमी, बारीक खडीचं काँक्रीट, मध्यावर वेल्डमेश. मेश तळाला पडून राहिली तर काही उपयोग नाही, खाली छोटे ठोकळे ठेवा. अडीच-तीन मीटरवर जॉईंट आणि पॅरापेटच्या कडेने १०-१२ मिमी फट, सगळ्यात सीलंट. ही फट सोडली नाही तर मे मध्ये तापलेला स्क्रीड पॅरापेटला ढकलतो आणि बाहेरच्या गिलाव्याला आडवी भेग जाते. एवढ्या टेरेसला भरावापर्यंत जाणारे दोन छोटे व्हेंट पाईप, वर टोपी लावून, ठेवा म्हणजे उरलेली वाफ बाहेर जाईल.

क्युरिंगसाठी कोब्यासारखी आळी करून पाणी भरायचं नाही! इतके दिवस वाळवलेला भराव एका दिवसात भिजेल. ओली गोणपाटं टाकून वर प्लास्टिक, किंवा क्युरिंग कंपाउंड. पुरेसे दिवस झाले की जॉईंट भरा आणि वरून पांढरं वॉटरप्रूफ कोटिंग किंवा चायना मोझॅक. खालचा थर स्लॅब वाचवतो, वरचा थर भराव कोरडा ठेवतो, दोन्ही लागतात, यातला एक वाचवायचा विचार करू नका.

बिघडलंय हे कसं ओळखायचं

पाऊस थांबून दोन-तीन आठवडे झाले आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात छतातून, बहुतेक लाईटच्या पाईपातून, थेंब येतायत, तर ते पाणी आजचं नाही, भरावात साठलेलं आहे. पॅरापेटच्या बाहेरच्या बाजूला, स्लॅबच्या लेव्हलला पांढरी खारट रेघ दिसली तरी तेच. अशा वेळी वरून अजून एक कोट मारला की पाणी आत कोंडलं जातं, आधी पाईपाची खालची भोकं तुंबलीत का बघा, व्हेंटच्या टोप्या उघडा, भराव वाळू द्या, मग जॉईंट आणि वरचं कोटिंग. स्क्रीड चालताना कट्कन वाजतो किंवा पॅनलचा कोपरा हलतो तर खाली लेका सुटा पडलाय, तेवढाच पॅनल कापून काढायचा, गोळ्या हाताने सुटतात का बघायचं आणि परत भरायचं, सगळी टेरेस फोडायची गरज नसते.

फायदा झाला की नाही ते मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. काम सुरू करायच्या आधी एप्रिलमध्ये संध्याकाळी सात-आठला खोलीच्या छताचं आणि त्याच खोलीतल्या आतल्या भिंतीचं तापमान लिहून ठेवा, पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वेळी परत घ्या. छत आणि भिंत यांच्यातला फरक किती कमी झाला ते बघायचं, नुसतं छताचं तापमान बघू नका, कारण दोन वर्षांचा उन्हाळा सारखा नसतो. पहिल्या वर्षी हा फरक चांगला कमी झाला आणि पावसाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात परत वाढला, तर भरावात पाणी गेलंय, छत अजून गळत नसलं तरी.